पान तोडण्याआधी त्यावर बोट फिरवा

लोणावळ्याच्या तुंगार्ली किंवा वळवण भागातल्या बंगल्यांच्या आवारात दोन झाडे हमखास दिसतात. फाटकापाशी गुलाब आणि मागच्या बाजूला, विहिरीच्या किंवा न्हाणीघराच्या आसपास, कागदी लिंबू. जुलैच्या मध्यावर दोन्हींच्या पानांवर एकाच तऱ्हेचे काहीतरी दिसू लागते. मधे काळपट तपकिरी ठिपका आणि भोवती पिवळे वलय. आठवड्यातून एकदा येणारा माळी सिकेटर काढतो, आधी गुलाबाची डागाळलेली पाने उतरवतो आणि मग त्याच सिकेटरने लिंबाची. गुलाबाच्या बाबतीत त्याने केले ते योग्यच आहे. लिंबाच्या बाबतीत मात्र तो रोगाला हातभार लावून जातो.

याचे कारण असे, की गुलाबावरचा काळा ठिपका बुरशीचा असतो आणि लिंबावरचा जिवाणूचा. लिंबाच्या या रोगाला आपल्याकडे खैऱ्या म्हणतात. दोन्हींचा शत्रू वेगळा, पसरण्याची वाट वेगळी आणि पान तोडल्यावर झाडात पुढे जे घडते तेही वेगळे. लोणावळ्यात वर्षाला सरासरी चार हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. खाली वडगाव-तळेगावकडे येईपर्यंत तो बराच उतरतो. घाटमाथ्यावर जून ते सप्टेंबर पान फारसे कोरडे होतच नाही, त्यामुळे इथे निदानातली चूक मैदानी भागापेक्षा महाग पडते.

आधी त्या पिवळ्या वलयाचे बघू, कारण सगळा गोंधळ तिथूनच सुरू होतो. वलय दिसले म्हणजे जिवाणू, असे बागकाम करणारी बरीच मंडळी ठामपणे सांगतात. ते खरे नाही. ठिपक्यात वाढणारा जीव काही विषारी द्रव्ये सोडतो, ती त्याच्या पुढे पुढे शेजारच्या निरोगी पेशींत झिरपतात आणि तिथले हरितद्रव्य नष्ट होते. हरितद्रव्य गेले की पानातला मूळचा पिवळा रंग उघडा पडतो. अशी विषे जिवाणूही तयार करतात आणि बुरशीही. घेवड्यावरच्या जिवाणूजन्य करप्यात ठिपका टाचणीच्या डोक्याएवढा असतो आणि त्याचे फिकट वलय त्याच्या कितीतरी पट रुंद. टोमॅटोवरच्या लवकर येणाऱ्या करप्यात मात्र अल्टरनेरिया नावाची बुरशी असते आणि तिलाही तितकेच ठसठशीत पिवळे वलय असते. मावळातल्या भातावर तिळाच्या आकाराचे तपकिरी ठिपके पडतात, त्यांच्याभोवतीही पिवळी कड असते आणि तो रोगही बुरशीचाच. वलयावरून एवढेच समजते की आत काहीतरी जिवंत आहे आणि ते पसरते आहे. ते कोण आहे, हे ठिपक्यालाच विचारावे लागते.

त्यासाठी पहिले साधन म्हणजे बोट. लिंबाचे डागाळलेले पान घ्या आणि ठिपक्यावरून अलगद बोट फिरवा. खैऱ्याचा ठिपका उंचावलेला, खरखरीत लागतो, जुना झाला की बुचासारखा. त्याच्या मध्यभागी बारीकसा खळगा असतो आणि कड किंचित तेलकट दिसते. हा जिवाणू पानाच्या पेशी नुसत्या मारत नाही. तो आधी त्यांना फुगायला आणि वाढायला लावतो, त्यामुळे पानावर गाठ उठते आणि शेवटी वरची त्वचा फाटते. आता पान उलटे करा. तोच ठिपका खालच्या बाजूलाही तसाच उंचावलेला सापडेल. सुरुवातीला तर तो बऱ्याचदा खालच्याच बाजूला आधी दिसतो, कारण जिवाणू आत शिरतो तो पर्णरंध्रांतून, आणि लिंबाच्या पानाची बहुतेक पर्णरंध्रे खालच्या बाजूला असतात.

गुलाबाच्या पानावर हेच करून पाहा. काळा ठिपका बोटाला जवळजवळ लागतच नाही, पान सपाट राहते. तो वरच्या बाजूला ठळक असतो. दहापट मोठे दाखवणारे भिंग लावले तर त्याची कड सरळ रेघेसारखी नसून झालरीसारखी, बारीक तंतूंनी फाटलेली दिसते. पानाच्या वरच्या पातळ आवरणाखाली बुरशीचे धागे मध्यापासून चहूकडे सरकत असतात, त्यांची ही झालर. ठिपका जुना असेल तर त्यात टाचणीच्या टोकाएवढे काळे उंचवटे सापडतात. तिथे बीजाणू तयार होतात. बुरशी ओळखायला याहून चांगला पुरावा घरात बसून मिळणार नाही.

दुसरे साधन म्हणजे उजेड. कोवळा, एक-दोन दिवसांचा ठिपका निवडा आणि पान आकाशाकडे धरा. जिवाणू पेशींच्या मधल्या पोकळ्यांत वाढतात आणि तिथे हवेच्या जागी पाणी साचते. म्हणून ताजा जिवाणूजन्य ठिपका पाणी किंवा तेल पडलेल्या कागदासारखा अर्धपारदर्शक दिसतो. डाळिंबावरच्या अशाच रोगाला शेतकऱ्यांनी तेल्या हे नाव दिले ते हेच पाहून. बुरशीचा ठिपका बहुधा सुरुवातीपासून कोरडा आणि अपारदर्शक असतो. जुना ठिपका पाहून हा फरक कळत नाही, कारण वाळल्यावर दोघेही तपकिरी कागदासारखे होतात. म्हणून खालचे, सर्वात जास्त डागाळलेले पान निदानासाठी घेऊ नये. वरचे, नुकते बिघडू लागलेले पान घ्यावे. लोक नेमके उलटे करतात.

तिसरी खूण शिरांची, आणि ती फसवीसुद्धा आहे. जिवाणूला शीर ओलांडणे जड जाते, त्यामुळे टोमॅटो, मिरची, घेवडा यांच्या पानांवर त्याचे ठिपके शिरांच्या चौकटीत अडकून कोनाकोनाचे होतात. बुरशीचे धागे शीर ओलांडून जातात आणि ठिपका गोल राहतो, कधी त्यात एकात एक वर्तुळे उमटतात. पण पावसाळ्यात मांडवावर चढवलेल्या काकडीवर किंवा दोडक्यावर कोनदार पिवळे ठिपके दिसले तर ते बहुतेक वेळा केवड्याचे असतात आणि केवडा हा जिवाणू नव्हे. सकाळी लवकर पान उलटून पाहिले, की त्याच चौकटींत करड्या-जांभळट रंगाची लव दिसते. लव दिसली की जिवाणूचा संशय सोडून द्यावा. लिंबावर शिरांची खूण फारशी उपयोगी नाही, तिथे खैऱ्याचा ठिपका गोलच असतो. कुठलीही एक खूण धरून निकाल देऊ नये ते यासाठी.

जिवाणूचा सर्वात बोलका पुरावा मात्र लिंबावर किंवा गुलाबावर नाही, तो भाताच्या खाचरात मिळतो. मावळ हे इंद्रायणीचे माहेर. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने हा वाण १९८७ साली दिला. भातावरचा जिवाणूजन्य कडा करपा भारतात पहिल्यांदा नोंदला गेला तोही इथून फार दूर नाही. लोणावळ्याचा घाट उतरले की लागणाऱ्या तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, १९५१ साली तो दिसला. श्रीनिवासन, थिरुमलाचार आणि पटेल यांनी १९५९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. यातले एम. के. पटेल हे पुण्याच्या कृषी महाविद्यालयातले. आंब्याच्या पानांवरच्या जिवाणूजन्य काळ्या ठिपक्यांचे वर्णनही त्यांनी आणि सहकाऱ्यांनी १९४८ मध्येच केले होते. पानावरचा डाग दिसला की बुरशी, असे समजण्याच्या काळात जिवाणूकडे बोट दाखवणारी ही माणसे आपल्या अगदी शेजारची.

कडा करप्याचे पान शेंड्याकडून आणि कडेने पिवळे पडत जाते, पिवळ्या आणि हिरव्या भागातली सीमा नागमोडी असते. पहाटे त्यावर दुधी थेंब दिसतात, ऊन चढले की त्यांचे पिवळट मणी होतात. पण खात्री करायची तर काचेचा पेला पुरतो. डागाळलेल्या आणि हिरव्या भागाच्या सीमेवरून पानाचा तीन-चार बोटे लांब तुकडा कापा, स्वच्छ पाण्याने भरलेल्या पेल्यात त्याचे कापलेले टोक बुडवून उभा धरा आणि पेल्यामागे काळा कागद लावा. जिवाणू असेल तर थोड्याच वेळात कापलेल्या टोकातून दुधाळ धागा खाली उतरताना दिसतो आणि तासाभरात तळाचे पाणी गढूळ होते. तिळाच्या आकाराच्या तपकिरी ठिपक्यांचे पान तसेच बुडवले तर पाणी नितळ राहते. तो बुरशीचा रोग, आणि त्यामागे बहुधा जमिनीची उपासमार असते. वरकस, पाणी न धरणाऱ्या, पालाश कमी असलेल्या जमिनीत तो जोर करतो. १९४२ साली बंगालच्या भाताचे जे नुकसान झाले त्यात याच बुरशीचा मोठा वाटा होता, असे कटकच्या भात संशोधन संस्थेतले पद्मनाभन यांनी १९७३ मध्ये मांडले.

पेल्याची ही परीक्षा भातावर चांगली चालते, कारण तिथे जिवाणू पानाच्या नळ्यांत भरलेला असतो. लिंबाच्या ठिपक्यात तो मूठभर जागेत असतो, म्हणून पेल्यातले पाणी क्वचितच गढूळ होते. तिथे ठिपक्याची कड चिरून पाण्याच्या थेंबात ठेवायची आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहायची, मग कडेतून धुरासारखा लोट निघताना दिसतो. कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही यासाठी पुरतो. आणि पेल्यात काहीच दिसले नाही म्हणजे जिवाणू नाहीच, असा अर्थ लावू नये. जुना, वाळलेला तुकडा घेतला असेल तर जिवाणू असूनही पाणी नितळ राहू शकते.

ज्यांच्याकडे सूक्ष्मदर्शक नाही त्यांनी उलट बाजूने जावे आणि बुरशीला बाहेर काढावे. झाकण असलेल्या प्लॅस्टिकच्या डब्यात ओला टिपकागद अंथरा, त्यावर पान ठिपके वर करून ठेवा आणि डबा घरात सावलीत दोन दिवस राहू द्या. बुरशी असेल तर ठिपक्यावर लव किंवा काळे कण उठतात. जिवाणू असेल तर ठिपका फक्त अधिक ओला आणि चकचकीत होतो. यातली अडचण एकच. मेलेल्या भागावर दुसरीच कुठली तरी बुरशी नंतर येऊन बसलेली असते आणि डब्यात तीच फोफावते. म्हणून इथेही ताजे ठिपकेच घ्यावेत आणि लव ठिपक्याच्या कडेवर, जिवंत भागाला लागून उठली आहे का ते पाहावे. सगळ्या पानभर पांढरा कापूस पसरला असेल तर ती परीक्षा फुकट गेली असे समजून पुन्हा करावी.

आता मूळ प्रश्न, पाने तोडायची की नाही.

गुलाबाच्या काळ्या ठिपक्याचा बीजाणू रुजायला पान सलग सात तासांच्या आसपास ओले राहावे लागते. पवन मावळात पॉलिहाउसमध्ये फेब्रुवारीच्या बाजारासाठी वाढणाऱ्या गुलाबावर हा रोग फारसा त्रास देत नाही, कारण तिथे पानावर पाऊस पडतच नाही. उघड्यावरच्या झुडपाला लोणावळ्याचा पाऊस सात तास काय, सात दिवस सलग ओले ठेवतो. रोग खालच्या पानांपासून चढतो, पान पिवळे पडून गळते आणि गळलेल्या पानात बुरशी पुढच्या हंगामापर्यंत टिकते. पावसाचा थेंब तिथे आपटून बीजाणू पुन्हा वर उडवतो. म्हणून गुलाबाची डागाळलेली पाने काढणे, त्याहूनही जमिनीवर पडलेली पाने रोज वेचून जाळणे किंवा खोल पुरणे, हा खरा उपाय आहे. एका वेळी झाडाच्या एक तृतीयांशाहून जास्त पाने उतरवू नयेत, नाहीतर झाड रोगाने नाही तरी उपासमारीने खंगते. उघडीप मिळाली, की लिटरमागे अडीच ग्रॅम मॅन्कोझेबची फवारणी नव्या पानांना संरक्षण देते. आधीच पडलेला ठिपका तिने जात नाही.

लिंबाचे गणित उलटे आहे. खैऱ्याच्या ठिपक्याला पाणी लागले की काही मिनिटांतच त्यातून जिवाणू बाहेर पाझरू लागतात. ओल्या झाडात हात घातला, फांदी हलवली, सिकेटर चालवले, की ते हाताला, पात्याला आणि शेजारच्या पानांना लागतात. ताजा काप ही तर त्यांना उघडी दिलेली वाटच. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. लिंबाची पाने किंवा शेंडे भर पावसात उतरवले की झाड नवी पालवी फेकते. खैऱ्या पूर्ण पक्व, जाड पानाला सहसा धरत नाही, त्याला हवी असते पहिल्या काही आठवड्यांतली कोवळी, वाढती पालवी. म्हणजे जुलैत पाने तोडून आपण जुनी, फारसे नुकसान न करणारी पाने काढतो आणि त्यांच्या जागी ऐन वाऱ्यापावसात कोवळा पाला उभा करतो. त्याच पालवीवर नागअळी येते, पानात वेडेवाकडे चंदेरी बोगदे कोरते, आणि त्या जखमांतून जिवाणू झपाट्याने आत जातो.

म्हणून मावळात लिंबाला पावसाळ्यात सिकेटर लावू नये. ऑक्टोबरमध्ये पाऊस गेला, पाने दुपारपर्यंत कोरडी राहू लागली, की मग डागाळलेल्या काटक्यांसकट छाटणी करावी, कारण जिवाणू खरा मुक्काम करतो तो काटकीवरच्या खरबरीत व्रणांत. नुसती पाने ओरबाडून तो जात नाही. प्रत्येक झाडानंतर सिकेटर स्पिरिटने पुसावे. छाटणीनंतर एक टक्का बोर्डो मिश्रण द्यावे. दहा लिटरला मोरचूद शंभर ग्रॅम आणि कळीचा चुना शंभर ग्रॅम. दोन्ही वेगवेगळ्या प्लॅस्टिकच्या बादल्यांत विरघळवून मग एकत्र करावे आणि त्याच दिवशी वापरावे. तयार औषध हवे असेल तर कॉपर ऑक्सिक्लोराइड दहा लिटरला तीस ग्रॅम. जूनमध्ये पहिल्या पालवीवर पुन्हा एक फवारणी.

वाऱ्यासह येणारा पाऊस हा जिवाणू किती दूर नेतो, याचा धडा अमेरिकेतल्या फ्लोरिडाने फार मोठी किंमत देऊन घेतला. १९९५ मध्ये मायामीत खैऱ्या सापडल्यावर तिथल्या सरकारने आजारी झाडाच्या १९०० फूट परिघातली लिंबूवर्गीय झाडे, निरोगी असली तरी, तोडायचे ठरवले. कोटीहून अधिक झाडे गेली, लोक न्यायालयात गेले. मग २००४ आणि २००५ च्या चक्रीवादळांनी रोग इतका पांगवला, की २००६ मध्ये ती मोहीम सोडून द्यावी लागली. आपल्याकडे तर हा रोग मूळचाच आहे. क्यू इथल्या वनस्पती संग्रहात देहरादूनहून १८२७ ते १८३१ च्या दरम्यान गोळा केलेल्या महाळुंगाच्या पानावर त्याच्या खुणा सापडल्या आहेत. तो नाहीसा करण्याचा विचार इथे करण्यात अर्थ नाही, त्याला कोवळे ओले पान मिळू न देणे एवढेच आपल्या हातात आहे.

औषधाच्या दुकानात जी गफलत होते तीही सांगायला हवी. मावळाच्या उंबरठ्यावर, पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये झाडांसाठी दोन प्रतिजैविके बनली. स्ट्रेप्टोसायक्लिन जिवाणूवर चालते, कारण ते जिवाणूची प्रथिने बनवण्याची यंत्रणा अडवते. ऑरियोफंजिन बुरशीच्या पेशीपटलातल्या एका स्निग्ध द्रव्याला चिकटून ते फोडते, जिवाणूत ते द्रव्यच नसते. गुलाबाच्या काळ्या ठिपक्यावर स्ट्रेप्टोसायक्लिन मारणे म्हणजे पैसे पाण्यात. त्यातला मुख्य घटक माणसाच्या क्षयरोगावरचेही औषध असल्याने केंद्र सरकारने डिसेंबर २०२१ मध्ये त्याचा शेतीतला वापर बंद करण्याचा मसुदा आदेशही काढला. परसातल्या एका लिंबासाठी ते आणूच नये, हे या स्तंभाचे स्पष्ट मत आहे. तांबे मात्र दोघांनाही थोडेफार रोखते, आणि त्यामुळेच चुकीचे निदान झाकले जाते. फवारणीने बरे वाटले म्हणून आपण ओळखले ते खरे, असे मानू नये.

शंका राहिली तर पान घेऊन पुण्याच्या कृषी महाविद्यालयाच्या वनस्पती रोगशास्त्र विभागात किंवा तालुका कृषी अधिकाऱ्याकडे जावे. नमुना देताना कोवळ्या ठिपक्यांची, अर्धवट डागाळलेली आणि निरोगी अशी पाने काटकीसकट घ्यावीत, कोरड्या वर्तमानपत्रात गुंडाळावीत. प्लॅस्टिकच्या पिशवीत ओले पान कुजते आणि मग तिथे कुणालाच काही ओळखता येत नाही. फवारणी केली असेल तर कधी आणि कशाची, तेही कागदावर लिहून द्यावे.

आणि पावसाळ्याच्या सुरुवातीला रस्त्यालगतच्या रोपवाटिकांतून कागदी लिंबाचे रोप उचलताना त्याची पाने एकेक करून उलटून पाहा, काटक्यांवरून बोट फिरवा. खरखरीत व्रण लागला तर ते रोप कितीही तजेलदार असो, तिथेच ठेवा. आपल्या परसात खैऱ्या बहुतेक वेळा अशाच रोपातून येतो.